भाला ३१.५० सरळ, ३१.६१ तिरका: टेप नेमका कुठून धरायचा? (कोनाचा आणि पकडीचा प्रश्नही आहे)

रानजाई
नमस्कार मंडळी. माझी मुलगी दहावीत आहे. दोन वर्षं भालाफेक करतेय, ५०० ग्रॅमचा भाला. गेल्या महिन्यात जिल्हास्तर शालेय स्पर्धा झाली. तिची सर्वांत लांब फेक ३१.५० मीटर आणि पहिल्या आलेल्या मुलीची ३१.६१. अकरा सेंटिमीटरनं विभागस्तर हुकला.

हरल्याचं दुःख नाही, पण मोजणी पाहून मनात शंका राहिली. समोरच्या वक्र रेघेच्या मधोमध एकानं टेपचं टोक पायाखाली दाबून धरलं होतं आणि प्रत्येकीची फेक तिथूनच मोजली. भाला डावीकडे पडो, उजवीकडे पडो, टेपचं टोक तिथंच. माझ्या मुलीचा भाला अगदी नाकासमोर पडला होता, त्या मुलीचा बराच उजवीकडे. अशी मोजणी बरोबर आहे का?

आणखी दोन गोष्टी. तिची तिसरी फेक यापेक्षा लांब होती, पण भाला आडवा पडला म्हणून लाल झेंडा दाखवला. आणि शाळेतले सर सांगतात ४५ अंशांत फेक, तर सुट्टीतल्या शिबिरातल्या ताई सांगतात खाली ठेव. पोरगी गोंधळून गेली आहे.

माळरान
ताई, लाल झेंडा बरोबरच दाखवला. भाला जमिनीत रुतलाच पाहिजे, नाहीतर फेक धरत नाहीत. आमच्या वेळी तालुक्याला माझा भाला टोकावर पडून घसरत पुढं गेला होता, रुतला नाही, तर पंचांनी सरळ बाद दिला. मोजणीचं म्हणाल तर टेप मधूनच धरतात, सगळ्यांना सारखाच नियम, मग अन्याय कसला?

सह्याद्री_वारा
कोनाबद्दल: थाळीफेकीला ३४.९२ अंश आणि भालाफेकीला साधारण २९ अंश असतो. ४५ कुठंच नाही. सरांना नियमपुस्तक दाखवा.

फक्कीची_रेघ
सह्याद्री, तुम्ही सांगताय तो सेक्टरचा कोन, म्हणजे फेक ज्या दोन पांढऱ्या रेघांच्या आत पडली पाहिजे त्यांच्यातला. ताई विचारतायत तो भाला हातातून सुटताना जमिनीशी किती अंश वर जातो तो. दोन्ही आकडे तिशीच्या आसपास असल्यामुळे हा घोळ मैदानावरही होतो.

मी एकोणतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो आणि फेकीच्या प्रकारांना पंच म्हणून उभा राहिलो आहे. आधी मोजणीचं सांगतो, कारण ताईंची शंका रास्त आहे.

ती पुढची वक्र रेघ म्हणजे ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्या वर्तुळाचं केंद्र रेघेच्या ८ मीटर मागं, धावपट्टीच्या बरोबर मधोमध येतं. तिथं एक खिळा किंवा खूण असायला हवी. टेपचा शून्य भाल्याचं टोक प्रथम जिथं टेकलं तिथं धरायचा, टेप ताणून थेट त्या केंद्रावर न्यायचा आणि वक्र रेघेच्या आतल्या कडेला, म्हणजे धावपट्टीकडच्या कडेला, जो आकडा येईल तो वाचायचा. भाला जसा उजवीकडे किंवा डावीकडे पडेल तशी टेप रेघेला छेदण्याची जागाही सरकते. ती मधोमध फक्त नाकासमोरच्या फेकीसाठी येते.

केंद्राकडे ताणलेला टेप म्हणजे खुणेपासून वक्र रेघेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर. रेघेवरची दुसरी कुठलीही जागा धरली की आकडा वाढतो. म्हणून टेप कायम मधोमध दाबून ठेवला तर सरळ फेकणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि तिरकं फेकणाऱ्याला फुकटचे सेंटिमीटर मिळतात. माळरान म्हणतात तसं सगळ्यांना सारखं नाही होत ते.

थाळीलाही हीच पद्धत. वर्तुळाचा व्यास २.५० मीटर, टेप वर्तुळाच्या केंद्रातून न्यायचा आणि कड्याच्या आतल्या बाजूला वाचायचा. आणि दोन्हीकडे आकडा नेहमी खालच्या पूर्ण सेंटिमीटरला धरायचा. टेपवर ३१ मीटर ६१ सेंटिमीटर ९ मिलिमीटर आले तरी लिहायचं ३१.६१.

माळरान, तुमची ती घसरलेली फेक वैध होती असं मला वाटतं. भाला रुतण्याची अट नाही. धातूचं टोक इतर कुठल्याही भागाआधी जमिनीला टेकलं पाहिजे, एवढंच. मुरमाच्या मैदानावर भाले रुततातच कुठं?

माळरान
सर, आता काय बोलू! एवढी वर्षं मी तो भाला बाद धरून बसलो होतो. पण एक सांगा, ताईंच्या प्रकरणात फुकटचे सेंटिमीटर म्हणजे किती? दोन-चार असतील तर अकरा कुठं भरून निघणार?

गणिताचा_तास
हे काढता येईल. रानजाई, त्या मुलीचा भाला उजवीकडे नक्की किती सरकून पडला होता? अंदाजे सांगितलंत तरी चालेल.

रानजाई
मोजलं नाही, पण उजव्या पांढऱ्या रेघेच्या आत फार तर दोन मीटर असेल. मी त्याच रेघेजवळ दोरीमागं उभी होते, म्हणून आठवतंय. पंचताईंनी आधी रेघेकडे पाहिलं आणि मगच पांढरा झेंडा दाखवला.

गणिताचा_तास
मग हे पाहा. भालाफेकीच्या सेक्टरची रेघ मधल्या रेषेपासून किती दूर असते, तर त्या रेघेवरून मोजलेल्या केंद्रापासूनच्या अंतराच्या बरोबर पाव भाग. साधारण ३१.४ आणि ८ मिळून केंद्रापासून ३९.४ मीटर. त्याचा पाव भाग ९.९ मीटर. दोन मीटर आत म्हणजे भाला मधल्या रेषेपासून ७.९ मीटर उजवीकडे पडला.

आता मधोमधून मोजल्यावर ३१.६१ यायला केंद्राकडून मोजलेलं अंतर किती हवं ते काढलं, तर उत्तर ३१.४० च्या आसपास येतं. म्हणजे फुकटचे साधारण वीस सेंटिमीटर. तुमच्या मुलीची फेक नाकासमोर, तिचे ३१.५० तसेच राहतात.

पण ताई, हे तुमच्या "दोन मीटर" या आठवणीवर उभं आहे. निकाल बदलण्यासाठी तो भाला मधल्या रेषेपासून निदान सहा मीटर बाजूला पडायला हवा होता. पाचच मीटर बाजूला असेल तर ती मुलगी मोजणी सुधारूनही पुढंच राहते.

हाच हिशेब थाळीसाठीही करून पाहिला. ३० मीटरच्या आसपासची फेक, जवळजवळ कडेच्या रेघेवर. चूक फक्त सहा सेंटिमीटरची येते, कारण वर्तुळाचं केंद्र पुढच्या कडेच्या मागं सव्वा मीटरवरच आहे. भाल्याचं केंद्र आठ मीटर मागं असल्यामुळे चूक मोठी होते. आणि जर कोणी वक्र रेघेऐवजी सरळ रेघ आखली आणि तिच्यापासून काटकोनात अंतर घेतलं, तर उलटा अन्याय होईल: तिरक्या फेकीतून मीटरभर सहज कापला जाईल.

बाकी कोनाचं सरांचं म्हणणं मला पटतं. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातच आहे.

बालेवाडी_पहाट
मी महाविद्यालयात असताना भाला फेकायचे, आता लहान मुलींना शिकवते. ४५ चं म्हणणं फळ्यावर बरोबर आहे, हाताला ते लागू पडत नाही. फळ्यावर असं गृहीत धरतात की कुठल्याही कोनात फेकलं तरी वेग तेवढाच राहणार. माणसाच्या खांद्याचं तसं नाही. जितकं वर फेकाल तितका वेग कमी होतो, कारण धावण्याचा जोर पुढच्या दिशेला असतो आणि तो वर वळवताना वाया जातो. मोठ्या स्पर्धांतले भाले साधारण ३२ ते ३७ अंशांत सुटतात. थाळीही ४५ च्या बरीच खाली, पस्तिशीच्या थोडी पुढं.

गणितवाले दादा, तुम्हीच हिशेब करून पाहा. कोन दहा अंश वाढवला आणि वेग सेकंदाला एकच मीटर पडला तर काय होतं?

गणिताचा_तास
केला. हवा नाही आणि हात जमिनीलगत आहे असं धरलं. वेग सेकंदाला १८ मीटर, कोन ३५ अंश: ३१.० मीटर. त्याच वेगानं ४५ अंश: ३३.० मीटर. इथपर्यंत माझं बरोबर होतं. पण ४५ अंशांत वेग १७ वर आला तर: २९.५ मीटर. म्हणजे कोनानं दोन मीटर दिले आणि वेगानं साडेतीन काढून घेतले.

शिवाय भाला सुटतो तो डोक्याच्या वरून, जमिनीवरून नाही. तेवढ्यानंही योग्य कोन ४५ च्या थोडा खाली सरकतो. मी माझं वाक्य मागं घेतो.

फक्कीची_रेघ
बाई बरोबर सांगतायत. पण अंशांचा आकडा मुलीच्या डोक्यात घालूच नका असं मी म्हणेन. धावत येऊन ३४ अंश कोणाला मोजता येतात? भाल्यात दोन कोन असतात आणि गोंधळ तिथं आहे. एक, भाला ज्या वाटेनं निघतो तिचा कोन. दुसरा, भाल्याचं टोक ज्या दिशेला बघतं तो. हात एका वाटेनं जातो आणि टोक आकाशाकडे बघत असतं, असं शाळेतल्या दहांपैकी सात मुलांचं होतं. मग दांड्याच्या खालच्या अंगावर वारा आदळतो, भाला लगेच वर उठतो, वेग मरतो आणि तो फताड्यासारखा आडवा खाली येतो. ताई, तुमच्या मुलीची लाल झेंड्याची फेक अशीच गेली असेल का?

रानजाई
अगदी असंच! सुटल्यावर भाला खूप उंच चढल्यासारखा दिसला, सगळे ओरडले, आणि मग तो पोटावर पडावा तसा पडला.

बालेवाडी_पहाट
ताई, मोबाईलवर चित्रण करा. धावपट्टीपासून बारा-पंधरा मीटर लांब, भाला सुटण्याच्या जागेच्या बरोबर बाजूला, काटकोनात उभ्या राहा. तिरकं उभं राहून काढलेला कोन खोटा असतो. स्लो-मोशन लावा. साध्या चित्रणात दोन चौकटींमध्ये तिचा भाला अर्ध्या मीटरहून जास्त पुढं जातो आणि नेमका सुटण्याचा क्षण निसटतो. सेकंदाला २४० चौकटी मिळाल्या तर जेमतेम सात सेंटिमीटर.

मग भाला हातातून सुटल्याबरोबरची एक चौकट आणि चार-पाच चौकटींनंतरची एक चौकट घ्या. दोन्हींमध्ये दोरीच्या पकडीवर टिंब द्या आणि टिंबं जोडा. ती भाल्याची वाट. पहिल्या चौकटीत दांड्यावरून दुसरी रेघ मारा. ती टोकाची दिशा. दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या पाहिजेत. टोक वाटेच्या बरंच वर दिसलं तर दोष मनगटात आहे. हात मागं नेताना तळवा आकाशाकडे राहिला पाहिजे आणि टोक भुवईजवळ. मुली दमल्या की हात खांद्याच्या खाली उतरतो आणि टोक आपोआप वर जातं.

थाळीवाला
इथं थाळीचं विचारलं तर चालेल का? मुलगा नववीत, दीड किलोची थाळी. त्याची थाळी सुटली की पतंग गोते खातो तशी डगमगत जाते. त्याच ताकदीचा दुसरा मुलगा चार-पाच मीटर पुढं टाकतो. मी त्याला घट्ट धर, घट्ट धर असं सांगत आलोय. घामानं निसटते म्हणून दोन बोटं पट्टीनं एकत्र बांधून दिली, तरी फरक नाही.

फक्कीची_रेघ
पहिलं म्हणजे ती पट्टी काढा. दोन किंवा जास्त बोटं एकत्र बांधणं नियमात बसत नाही, स्पर्धेत फेक जाईल. हातमोजेही थाळीला चालत नाहीत. घामासाठी पांढरी पूड चालते.

दुसरं, थाळी घट्ट धरायचीच नसते. चार बोटांची फक्त शेवटची पेरं कडेवर अडकतात, बोटं थोडी फाकलेली, अंगठा वर नुसता टेकलेला. तळवा थाळीवर सपाट पडतो, पण आवळत नाही. मग पडत का नाही? कारण हात फिरत असताना थाळी बाहेर जायला बघते आणि बोटांच्या पेरांवर स्वतःच दाबून बसते. उभं राहून हात लोंबता सोडला तर ती पडणारच, म्हणून नवी मुलं घाबरून अंगठ्यानं दाबतात. अंगठ्यानं दाबलं की सुटताना एक बाजू अडकते आणि थाळी डगमगते.

सुटताना शेवटचं बोट तर्जनी असलं पाहिजे. उजव्या हाताच्या मुलाची थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरत जाते. करंगळीकडून सुटली तर उलटी फिरते किंवा फिरतच नाही, आणि न फिरणारी थाळी हवेत तग धरत नाही.

त्याला आठवडाभर फेकूच देऊ नका. थाळी शरीराच्या बाजूला उभी धरायची, हात मागून पुढं झुलवायचा आणि तर्जनीवरून जमिनीवर चाकासारखी सोडायची. पंधरा-वीस मीटर सरळ रेषेत घरंगळली तर पकड बरोबर. लगेच वळून आडवी पडली तर अंगठा किंवा करंगळी मध्ये येतेय.

थाळीवाला
आज संध्याकाळी करून पाहिलं. दहांपैकी आठ वेळा तीन मीटरवर वळून पडली. रोग सापडला म्हणायचा. वाऱ्याबद्दलही एक विचारायचं होतं. आमच्या मैदानावर दुपारनंतर समोरून वारा येतो. त्याचे सर म्हणतात वारा समोर असेल तर नशीब चांगलं. मला हे उलटं वाटतं.

गणिताचा_तास
थाळीच्या बाबतीत सर बरोबर आहेत. थाळी पंखासारखी वागते. समोरचा वारा तिच्या खालून उचल देतो, पाठीमागचा वारा ती उचल काढून घेतो. कमी अंतराच्या धावण्यात आणि लांब उडीत वारा सेकंदाला दोन मीटरच्या पुढं गेला तर विक्रम धरत नाहीत, पण फेकीच्या प्रकारांना वाऱ्याची अशी मर्यादाच नाही. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्नानं एप्रिल २०२५ मध्ये ७५.५६ मीटरचा जागतिक विक्रम केला तो अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना इथं, उघड्या माळावर. थाळीफेकपटू तिथं वाऱ्यासाठीच जातात. त्याच्या आदल्या वर्षीचा विक्रमही त्यानं तिथंच केला होता, २०२४ मध्ये ७४.३५. तोवर युर्गन शुल्टचा १९८६ चा ७४.०८ टिकून होता.

फक्कीची_रेघ
फक्त समोर वारा असताना थाळीची पुढची कड वर ठेवू नका. थोडी खाली दाबून सोडायची, नाहीतर वारा तिला उभी करतो आणि ती मागं पडते. डगमगणाऱ्या थाळीला मात्र कुठलाच वारा मदत करत नाही, तेव्हा आधी ते घरंगळवणं.

माळरान
सर, आडव्या पडणाऱ्या भाल्याचं अजून कळलं नाही. टोक आधी की शेपूट आधी, हे पन्नास मीटरवरून दिसणार कसं?

फक्कीची_रेघ
पन्नास मीटरवरून नाही दिसत, म्हणून तर पडण्याच्या बाजूला वेगळा पंच असतो. त्यानं भाल्याच्या मागं पळायचं नसतं, बाजूनं बघायचं असतं. गवतावर टोकाचा ओरखडा आधी आणि मग दांड्याची लांबट खूण दिसली तर फेक वैध. नुसतीच लांबट खूण असेल तर बाद. मुरमावर दोन्ही खुणा एकात मिसळतात आणि मग डोळ्यांवरच भिस्त.

हा वाद पूर्वी मोठ्या स्पर्धांतही रोजचा होता. जुना भाला खूप तरंगायचा आणि बरेचदा आडवा पडायचा. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं १०४.८० मीटर फेकला, मैदानं अपुरी पडायला लागली. म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढं सरकवला, १९९९ मध्ये महिलांचाही भाला बदलला. आता टोक लवकर खाली झुकतं. तरीही भाला आडवा पडत असेल तर एकदा शाळेतला भालाच तपासा. दोरीच्या पकडीखाली एका बोटावर तोलून बघा. तोल दोरीच्या बाहेर जात असेल तर त्या भाल्यानं सराव करू नये. बांबूच्या भाल्यांत हे फार दिसतं, ते मागून जड असतात.

ताईंच्या मुलीची ती फेक वैध होती की नाही, हे मात्र इथून कोणीच सांगू शकत नाही.

सह्याद्री_वारा
एवढी यंत्रं आली तरी मोजणीत चुका होतातच की. हांगझोऊच्या एशियाडमध्ये नीरज चोप्राची पहिली फेक आठवते का? चांगली पडली होती आणि फलकावर आकडाच येईना.

बालेवाडी_पहाट
४ ऑक्टोबर २०२३. मी थेट पाहत होते. यंत्रानं अंतर पकडलं नाही, बराच वेळ गोंधळ झाला आणि शेवटी त्याला ती फेक पुन्हा करावी लागली. दुसऱ्या वेळी आले ८२.३८. पुढं ८८.८८ टाकून त्यानं सुवर्ण घेतलं. किशोर जेनाच्या एका फेकीला त्याच दिवशी आधी लाल झेंडा दिला होता, नीरजनं आणि त्यानं लगेच विचारणा केली आणि निर्णय बदलला. रानजाई, यातलं "लगेच" महत्त्वाचं. तोंडी हरकत तिथल्या तिथं घ्यायची असते.

फक्कीची_रेघ
हो. लगेच हरकत घेतली तर ती फेक निदान मोजून ठेवता येते. भाला उपटला आणि खूण बुजली की मग मोजणार काय? निकाल जाहीर झाल्यावर लेखी हरकतीसाठी अर्धा तास असतो. महिन्यानंतर काही होणार नाही ताई, खोटी आशा दाखवत नाही.

रानजाई
कळतंय सर. त्या मुलीच्या निकालाला मला हात लावायचाच नाही, तिनं काहीच चुकीचं केलं नाही. पण पुढच्या वेळी मैदान बघून आधीच सांगता येईल अशी काही खूण आहे का? तिथं गेल्यावर मी पंचांना गणित कसं शिकवणार?

फक्कीची_रेघ
गणित शिकवू नका, दोरी घेऊन जा. धावपट्टी ४ मीटर रुंद आणि वक्र रेघेची त्रिज्या ८ मीटर. सेक्टरच्या रेघा वक्र रेघ आणि धावपट्टीच्या कडा जिथं मिळतात त्या कोपऱ्यांतून निघतात. त्याच रेघा मागं वाढवल्या की धावपट्टीच्या मध्यावर, रेघेच्या आठ मीटर मागं एकमेकींना मिळतात. दोन दोऱ्या दोन्ही रेघांवर ताणून मागं आणा. जिथं मिळतील तिथं खिळा ठोका. मिळण्याची जागा मध्यावर नसेल किंवा आठ मीटरवर नसेल तर सेक्टरच चुकीचा आखलाय. दुसरी खात्री अशी: केंद्रापासून रेघांवर ४० मीटर मोजा, तिथं दोन रेघांमधलं अंतर २० मीटर हवं. थाळीला तेच २४ मीटर. आयोजकांना स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नम्रपणे सांगितलं तर बहुतेक जण आनंदानं करतात. सकाळी मुलं रांगेत उभी असताना सांगितलं तर कोणी ऐकत नाही.

बालेवाडी_पहाट
रानजाई, तुमची मुलगी भाला धरते कसा? तर्जनी दोरीच्या मागं की मधलं बोट?

रानजाई
अंगठा आणि तर्जनी दोरीच्या मागच्या कडेला. शाळेतल्या सरांनी तसंच शिकवलंय.

बालेवाडी_पहाट
मी तिला अंगठा आणि मधलं बोट दोरीमागं घ्यायला सांगेन, तर्जनी दांड्यावरून मागं लांब. मधलं बोट लांब आणि ताकदवान, शिवाय तर्जनी दांड्यावर असल्यानं टोक भरकटत नाही. फिनलंडची मंडळी असंच धरत आली आहेत.

फक्कीची_रेघ
इथं मी बाईंशी सहमत नाही. लहान हाताच्या मुलींना त्या पकडीत तर्जनी आखडते, मनगट वाकतं आणि कोपर खाली येतं. कोपर खांद्याच्या खाली उतरलं की दुखणं ठरलेलं. तर्जनी मागं असलेली पकड साधी आहे. आधी वर्षभर टोक सरळ राहू दे, मग बदला. तिसरीही एक पकड आहे, दोरी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात. कोपर दुखणाऱ्यांना ती सोसते, पण त्यात दोरीवर जोर कमी बसतो असं मला दिसलं आहे.

बालेवाडी_पहाट
सर, माझ्याकडच्या चौदा-पंधरा वर्षांच्या चार मुली मधल्या बोटानं धरतात, एकीचंही कोपर दुखत नाही. कोपर खाली येतं ते घाईनं हात ओढल्यामुळे, पकडीमुळे नाही.

फक्कीची_रेघ
चारच आहेत म्हणून लक्ष देता येतं. माझ्याकडे एका तासाला चाळीस असायची.

रानजाई
आठ दिवसांनी लिहितेय. रविवारी चित्रण केलं. तीन फेकींत भाल्याची वाट ३३ ते ३६ अंशांच्या मध्ये आली आणि टोक मात्र ४५ च्या पुढं. म्हणजे टोक वाटेच्या दहा-बारा अंश वर. "४५ मध्ये फेक" हे ऐकून तिनं भालाच ४५ मध्ये तिरका धरला होता, हात मात्र आपल्या वाटेनं जात होता! दोन्ही शिक्षक तिला वेगवेगळ्या कोनाबद्दल सांगत होते असं आता वाटतंय.

तळवा आकाशाकडे ठेवून उभ्याउभ्या वीस फेकी केल्या. पहिल्या बारा जवळच पडल्या, शेवटच्या आठांपैकी सहा टोकावर. पकड तूर्त आहे तीच ठेवली आहे, दोन बदल एकदम नकोत म्हणून. शाळेतला भाला बोटावर तोलून पाहिला, तोल दोरीच्या मागच्या कडेच्याही मागं जातोय. आणि नवऱ्यानं शाळेच्या मैदानावर दोन दोऱ्या ताणल्या. त्या साडेसहा मीटरवरच एकमेकींना मिळतात. क्रीडाशिक्षक स्वतः पाहायला आले, सोमवारी नव्यानं फक्की मारतो म्हणाले.

थाळीवाला
आमची दहांपैकी पाच वेळा सरळ घरंगळते. फेकायला अजून दिलेली नाही.

माळरान
ताई, भाला मागून जड आहे तर तिचं टोक वर जाण्यात भाल्याचाही हात असेल की. दुसरा मिळाला की त्याच्यावर एकदा चित्रण करून इथं लिहा, आकडा किती उतरतो ते बघायचंय.